पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट: पुरावा पडद्यावर नसतो, वहीत असतो

प्रश्न: वकीलसाहेब, माझं चाटी गल्लीत टॉवेल-चादरीचं होलसेल दुकान आहे. लातूरच्या एका ग्राहकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला म्हणून मी माल सोडला. खात्यात पैसे दिसत नाहीत. फोन केला तर म्हणतो, “स्क्रीनशॉट दिलाय ना, आता अजून काय पाहिजे?” आमचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर झालंय. त्याचे मी बावीस स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. तेवढ्यावर केस उभी राहील का?

उत्तर:

बावीसच्या बावीस प्रिंट फाईलला लावू, पण केस त्यांच्यावर उभी करायची नाही. ती उभी राहील तुमच्या बँकेच्या वहीवर, मालाच्या बिल्टीवर आणि तुमच्या खिशातल्या फोनवर. तुमचे स्क्रीनशॉट खरे आहेत यावर माझा विश्वास आहे. पण कागदावर छापल्यावर तुमचा खरा स्क्रीनशॉट आणि समोरच्याचा खोटा स्क्रीनशॉट अगदी सारखेच दिसतात, आणि न्यायाधीशांपुढे दोन्ही कागदच असतात.

आधी एक शक्यता तपासून बाजूला करा. पैसे त्याच्या खात्यातून खरोखर निघालेले आणि मधेच अडकलेले असू शकतात. यूपीआयमध्ये असं होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मुदती ठरवून दिल्या आहेत: एका माणसाकडून दुसऱ्या माणसाच्या खात्यात पाठवलेले पैसे जमा होऊ शकले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेले पाहिजेत. दुकानाच्या क्यूआरवर केलेल्या व्यवहारात दुकानाकडे खात्रीचा निरोप पोहोचला नाही, तर मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटली की बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. एनईएफटी असेल तर पैसे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांनी पुढे जातात, म्हणजे ‘पाठवले’ असं दिसल्यावरही थोडा वेळ लागतो. तुमच्या बाबतीत या मुदती उलटल्या असतील, तर पैसे एक तर त्याच्या खात्यात परत गेलेत किंवा मुळात निघालेच नव्हते. पण यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. स्क्रीनशॉट अगदी खरा असला, तरी त्यातून फक्त एवढंच कळतं की एका क्षणी त्याच्या पडद्यावर असं दिसत होतं. तुमच्या खात्यात काय पडलं हे त्याच्या पडद्याला सांगता येत नाही.

आता माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो. तुमच्याच धंद्यातलं आहे आणि त्यात पैशाचा स्क्रीनशॉट आणि चॅटचा स्क्रीनशॉट असे दोन्ही घोळ एकत्र होते. नावं सांगत नाही, रकमाही थोड्या बदलून सांगतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम असलेले एक कारखानदार. बाहेरगावच्या व्यापाऱ्याने १२० डझन टॉवेल मागवले, कर धरून ८६,४०० रुपये झाले. ठरलं होतं की आधी पैसे, मग माल. दुपारी व्यापाऱ्याने यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवला: हिरवी खूण, ८६,४०० रुपये, कारखान्याचं नाव, तारीख, वेळ आणि खाली त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, म्हणजे यूटीआर नंबर. कारखानदारांचा मुलगा गल्ल्यावर होता. पोरगा हुशार, नुसत्या चित्रावर विसंबला नाही. त्याने बँकेचं ॲप उघडून तो यूटीआर शोधला. बाराच्या बारा आकडे जुळले. त्याने वहीत बरोबरची खूण केली आणि संध्याकाळच्या ट्रकमध्ये माल चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजी हिशोब जुळवायला बसले तर ८६,००० रुपये कमी. यूटीआर होता, तारीख होती, पाठवणाऱ्याचं नावही तेच होतं. पण त्या नोंदीसमोर जमा रक्कम होती ४०० रुपये.

व्यापाऱ्याने खरोखर ४०० रुपये पाठवले होते. म्हणून पावती खरी, नंबर खरा, वेळ खरी. त्याने फक्त ‘४००’च्या आधी ‘८६,’ एवढं चिकटवलं होतं. फोनमध्ये फोटोवर अक्षरं लिहायची जी सोय असते, तेवढ्यानेही हे काम होतं. संगणकाचं शिक्षण लागत नाही, दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तपासणारा माणूस सगळ्यात अवघड दिसणारी गोष्ट तपासतो, म्हणजे तो लांबलचक नंबर, आणि तो जुळला की त्याचं मन निर्धास्त होतं. त्या पोराचं नेमकं हेच झालं. म्हणून मी माझ्या सगळ्या व्यापारी पक्षकारांना सांगतो की यूटीआर ही फक्त किल्ली आहे. ती लावून तुमच्या स्वतःच्या खात्यातली नोंद उघडायची आणि मग रक्कम वाचायची. स्क्रीनशॉटवरची रक्कम वाचायचीच नाही, तिच्याकडे बघायचंही नाही.

याहून सोपा प्रकार म्हणजे नकली ॲप. त्यात नाव आणि रक्कम टाकली की पैसे गेल्याचा हुबेहूब पडदा येतो, वर आवाजही वाजतो. खात्यातून एक रुपयाही हललेला नसतो. तिथे स्क्रीनशॉटमध्ये काही बदललेलंच नसतं, कारण ज्याचा फोटो काढला तो पडदाच खोटा असतो. असा स्क्रीनशॉट कितीही मोठा करून बघा, जोड सापडणार नाही. ‘पैसे जमा झाले’ असा एसएमएसही पाठवता येतो. तो साध्या दहा आकडी मोबाईल नंबरावरून आला असेल तर बँकेचा नाहीच, कारण बँकेचे मेसेज अक्षरी नावाने येतात. पण एसएमएसचा स्क्रीनशॉट असेल तर तेही नाव भरवशाचं राहत नाही. कोणत्याही नंबरला आपल्या फोनमध्ये हवं ते नाव देऊन सेव्ह करता येतं.

लोक मला विचारतात की स्क्रीनशॉट खोटा कसा ओळखायचा. काही खुणा असतात. स्वल्पविराम चुकीच्या जागी, रकमेचे आकडे बाकीच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड, फोनच्या वरच्या पट्टीतलं घड्याळ व्यवहाराच्या वेळेच्या आधीचं. त्या एमआयडीसीच्या प्रकरणात नंतर भिंग लावून पाहिलं तेव्हा ‘८६’ आणि ‘४००’ यांच्या तळरेषेत केसभर फरक दिसला. पण या खुणांवर मी भर देत नाही. खूण सापडली तर खोटेपणा कळतो, सापडली नाही तर खरेपणा सिद्ध होत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मूळ फाईलसोबतची बरीचशी माहिती निघून जाते. अशी तीन ठिकाणांहून फिरून आलेली प्रत तज्ज्ञाच्या हातात दिली, तरी त्याला ठामपणे बोलायला फारसं काही उरत नाही.

आता चॅटकडे वळतो, कारण तुमचा खरा भरवसा त्या बावीस चित्रांवर आहे आणि धोकाही तिथेच आहे.

रक्कम कमी आल्याचं कळल्यावर कारखानदार आणि व्यापारी यांच्यात त्या सकाळी व्हॉट्सॲपवर असं बोलणं झालं. १०:१२ ला व्यापारी: “८६,४०० कालच टाकलेत, बघा.” १०:१५ ला कारखानदार: “खात्यात फक्त ४०० आलेत.” १०:१६ ला पुन्हा कारखानदार: “बाकीचे कधी टाकता?” १०:३१ ला व्यापाऱ्याने वेगळाच विषय काढला: “मागच्या बिलाचे १२,५०० मिळाले होते ना?” मागच्या महिन्याचे ते पैसे खरंच मिळाले होते. १०:३३ ला कारखानदार सरळपणे लिहून गेले: “हो, मिळाले.”

मी नोटीस पाठवली. उत्तरासोबत समोरच्या वकिलांनी चॅटचा एक स्क्रीनशॉट जोडला. त्यात दोनच मेसेज होते. “८६,४०० कालच टाकलेत, बघा.” आणि त्याच्या लगेच खाली कारखानदारांच्या बाजूने “हो, मिळाले.”

यात एक अक्षरही बदललेलं नाही. दोन्ही मेसेज खरे, दोन्ही नंबर खरे, फोटोवर काहीही खोडलेलं नाही. व्यापाऱ्याने फक्त मधले तीन मेसेज आपल्या फोनवरून पुसले होते, ते सुद्धा ‘Delete for me’ करून. सगळ्यांसाठी मेसेज पुसला तर तो पुसल्याची ओळ चॅटमध्ये राहते. फक्त स्वतःपुरता पुसला तर तिथे काहीच उरत नाही, वरचा आणि खालचा मेसेज एकमेकांना येऊन चिकटतात. समोरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझे पक्षकार तो कागद बघून पाच मिनिटं गप्पच होते. हे शब्द आपणच लिहिलेत हे त्यांना दिसत होतं आणि असं आपण कधी बोललोच नाही हेही त्यांना माहीत होतं.

ते उलगडलं कशामुळे, तर त्यांचा स्वतःचा फोन जसाच्या तसा होता म्हणून. व्हॉट्सॲपचं बोलणं दोन्ही फोनांत वेगवेगळं साठतं. एकाने आपल्याकडचं पुसलं तरी दुसऱ्याकडचं जात नाही. मेसेज पोहोचल्यानंतर कंपनी तो आपल्याकडे साठवून ठेवत नाही, त्यामुळे ‘कंपनीकडून मागवून घेऊ’ हा मार्ग नाही. खरं बोलणं काय झालं ते फक्त या दोन फोनांत असतं. आम्ही मूळ फोन हजर करायची तयारी दाखवली आणि समोरच्यानेही त्याचा फोन हजर करावा अशी मागणी केली. १०:१२ नंतर थेट १०:३३ का, मधल्या एकवीस मिनिटांत काय झालं, हा प्रश्न लेखी विचारला. फोनमधल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक मेसेज क्रमांकाने साठतो. तज्ज्ञाने फोन तपासला तर मधले क्रमांक गायब असल्याचं दिसू शकतं, हे त्यांच्या वकिलांना ठाऊक होतं. फोन हजर झाला नाही. हातात असलेला पुरावा कोणी दाखवला नाही, तर तो त्याच्याविरुद्ध जाणारा होता असं न्यायालयाला मानता येतं. ते प्रकरण तडजोडीत मिटलं, तीन हप्त्यांत पैसे आले. पण कारखानदारांनी मधल्या काळात नवीन फोन घेऊन जुना विकून टाकला असता, तर आमच्याकडे त्या दोन ओळींना उत्तर नव्हतं.

चॅटच्या बाबतीत असे आणखी दोन प्रकार मी पाहिले आहेत. एकात समोरच्या माणसाने भावाच्या नंबरला माझ्या पक्षकाराचं नाव देऊन सेव्ह केलं, भावाला तोच फोटो प्रोफाईलला लावायला लावलं आणि दोघांनी बसून हवं ते ‘संभाषण’ लिहिलं. चॅटच्या वर नाव दिसतं, नंबर दिसत नाही. ते नाव पाठवणाऱ्याचं नसतं, फोनवाल्याने दिलेलं असतं. म्हणून ज्या स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण नंबर दिसत नाही, त्याला मी कोणाचंही बोलणं मानत नाही. दुसरा प्रकार मेसेज बदलण्याचा. २०२३ पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. बदलल्यावर शेजारी ‘Edited’ असं दिसतं, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. मग एकाने बदलण्याआधी स्क्रीनशॉट काढला आणि दुसऱ्याने बदलल्यानंतर, तर दोघांकडे एकाच मेसेजचे दोन वेगळे आणि दोन्ही अस्सल स्क्रीनशॉट असतात.

‘Export chat’ करून जी फाईल निघते तिच्यावरही लोकांचा फार विश्वास असतो. ती साधी मजकुराची फाईल असते. नोटपॅडमध्ये उघडून कोणतीही ओळ बदला, कुठेही खूण राहत नाही. फोन पाण्यात पडला तर निदान काहीतरी हाताशी असावं म्हणून ती काढून ठेवा, पण ती मूळ नव्हे.

न्यायालय काय बघतं ते आता थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतं. पूर्वीच्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं. या सर्टिफिकेटबद्दलचा सर्वात महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात आला. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला होता का, यावर वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की प्रत दाखल करायची तर सर्टिफिकेट हवंच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सादर केलं, तर गोष्ट वेगळी. म्हणून मी तुम्हाला फोन, फोन असं सारखं म्हणतोय. मूळ तोच आहे. स्क्रीनशॉट ही प्रतीची प्रत.

नव्या कायद्यातल्या सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत. पहिला भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फोनचा मेक, मॉडेल, आयएमईआय नंबर लिहावा लागतो आणि फाईलचा हॅश द्यावा लागतो. हॅश म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. फाईलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ही ओळ पूर्ण वेगळी येते. तुमच्या दुकानातल्या विंडोज कॉम्प्युटरवरही ती निघते:

```
certutil -hashfile chat.mp4 SHA256
```

पण हॅशबद्दल एक गैरसमज वकिलांमध्येसुद्धा आहे, तो इथे दूर करतो. हॅशवरून एवढंच सिद्ध होतं की हॅश काढल्या क्षणापासून फाईल बदललेली नाही. त्याआधी काय झालं ते तो सांगत नाही. खोट्या स्क्रीनशॉटचाही हॅश निघतो, आणि तोही अगदी व्यवस्थित जुळतो. सर्टिफिकेटमुळे कागद फाईलमध्ये शिरतो, त्यातला मजकूर खरा ठरत नाही. तो उलटतपासणीत आणि इतर पुराव्यांशी ताडून ठरतो.

पैशाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे जुना आणि भक्कम रस्ता आहे. १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट. बँकेच्या वहीची प्रमाणित प्रत त्या कायद्याने प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. कॉम्प्युटरवरून काढलेल्या प्रतीसाठी कलम २अ चं सर्टिफिकेट लागतं, त्यावर शाखा व्यवस्थापक किंवा मुख्य लेखापाल आणि कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस सही करतात. ॲपमधून काढलेली पीडीएफ म्हणजे ही प्रत नव्हे, कारण पीडीएफ बदलणंही अवघड नाही. बँकेच्या वहीला इतकं वजन का, तर ती रोजच्या कामात लिहिली जाते आणि तुमच्या भांडणात बँकेचा काहीही स्वार्थ नसतो. शिवाय तुम्ही पैसे ‘न आल्याचं’ सांगताय. न घडलेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट कसा काढणार? पण त्या दिवसाचं पूर्ण प्रमाणित स्टेटमेंट, ज्यात सगळ्या जमा नोंदी आहेत आणि ही एक नाही, ते मात्र सांगू शकतं.

तेव्हा उद्या सकाळी आधी बँकेत जा. माल सोडल्याच्या आदल्या दिवसापासून आजपर्यंतचं प्रमाणित स्टेटमेंट कलम २अ च्या सर्टिफिकेटसह लेखी अर्ज देऊन मागा. अर्जात स्क्रीनशॉटवरचा यूटीआर लिहा आणि या क्रमांकाने काही जमा झालं आहे का, असल्यास किती, हेही लेखी विचारा. शून्य आलं तर पैसे त्याच्याकडे परत गेलेत किंवा पडदाच खोटा. वेगळी रक्कम आली तर वरच्यासारखा प्रकार.

ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टीची प्रत आणि लातूरला माल उतरवून घेतल्याची सही मिळवा. चॅटमध्ये त्याने “माल मिळाला” लिहिलं असेल तरी ही सही हवीच. ती कागदावर शाईने आहे आणि ती तुमच्या फोनच्या भानगडीत अडकत नाही.

फोनला हात लावू नका. रीसेट नाही, विकायचा नाही, त्या चॅटमधलं काहीही पुसायचं नाही, अगदी रागाच्या भरात लिहिलेलं तुमचं स्वतःचं वाक्यसुद्धा नाही. तुम्ही एक ओळ पुसली तर उद्या समोरचा वकील मी वर सांगितलेला क्रमांकाचा मुद्दा तुमच्यावर उलटवेल. त्या चॅटला मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग लागलेली आहे का ते आत्ताच बघा. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांची असते. लागलेली असेल तर थांबायला वेळ नाही. दुसऱ्या फोनने अखंड व्हिडिओ घ्या: आधी तुमच्या फोनची तारीख-वेळ, मग त्या चॅटची माहिती उघडून त्याचा पूर्ण नंबर, मग पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत हळूहळू सरकवत जाणं, आणि पैशाबद्दल तुम्ही त्याला पाठवलेल्या मेसेजवर ‘Message info’ उघडून पोहोचल्याची-वाचल्याची वेळ. हा व्हिडिओसुद्धा पुरावा म्हणून कमकुवतच, पण बावीस तुकड्यांपेक्षा बरा, कारण त्यात मधलं काही गाळता येत नाही. त्याचा हॅश त्याच दिवशी काढून लिहून ठेवा.

त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटचा मूळ मेसेज तसाच राहू द्या. तुमच्या बाजूने तो फार मोलाचा आहे, पण वेगळ्या कारणाने. तो पैसे आल्याचा पुरावा नाही. ‘मी पैसे पाठवले असं याने मला सांगितलं आणि त्यावर विसंबून मी माल सोडला’ याचा तो पुरावा आहे. फसवणुकीच्या तक्रारीत नेमकं हेच दाखवावं लागतं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, बनावट दस्तासाठी ३३६ आणि तो खरा म्हणून वापरल्याबद्दल ३४० आहे. तक्रार पोलीस ठाण्यात द्या. १९३० हा क्रमांक मुख्यतः खात्यातून गेलेले पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे. तुमच्या खात्यातून पैसे गेलेले नाहीत, माल गेलाय, म्हणून तिथे फार हाती लागणार नाही.

मग माझ्याकडे या, आपण नोटीस काढू. नोटिशीत मी त्याला तीनच प्रश्न विचारणार आहे: कोणत्या खात्यातून पाठवले, त्या खात्याचं त्या दिवसाचं प्रमाणित स्टेटमेंट देणार का, आणि माल कधी मिळाला. स्क्रीनशॉट खोटा ठरवण्याचा सर्वात सरळ मार्ग हाच आहे. पैसे खरेच पाठवले असतील तर त्याच्या बँकेच्या वहीत खर्चाची नोंद असेल, आणि ती दाखवायला त्याला दहा मिनिटं लागतील. त्याने उत्तरात माल मिळाल्याचं आणि चॅट आपलीच असल्याचं मान्य केलं, तर तेवढा भाग सिद्ध करायची गरजच उरत नाही. कबूल केलेली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही, आणि स्क्रीनशॉट खरोखर उपयोगी पडतो तो एवढ्याच वेळी. दिवाणी वसुलीच्या दाव्याला माल दिल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण त्याच्या फोनमधला आणि तुमच्या फोनमधला मजकूर तीन वर्षं टिकेल असं धरून चालू नका.

आणि तोवर त्याच्याशी व्हॉट्सॲपवर बोलायचं झालं तर ‘हो’, ‘मिळाले’, ‘ठीक आहे’ असं सुटं काही लिहू नका. प्रत्येक मेसेज एकटा उचलला तरी पूर्ण अर्थ लागला पाहिजे. “बिल नंबर अमुक, तारीख अमुक, रक्कम अमुक, हे पैसे आजपर्यंत माझ्या खात्यात जमा झालेले नाहीत.” त्या एमआयडीसीच्या कारखानदारांनी “मागच्या बिलाचे १२,५०० मिळाले, आताचे ८६,००० बाकी आहेत” एवढं लिहिलं असतं, तर मधले कितीही मेसेज पुसून त्या वाक्याचा अर्थ फिरवता आला नसता.

येताना फोन चार्जरसकट आणा आणि बिलबुक पण.